अभ्यासाचा दिवा आणि झोपेचा दिवा

पिवळा दिवा म्हणजे गरिबी, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत होतं. लहानपणी त्याच्या घरी बाहेरच्या खोलीत एक ट्यूबलाइट होती आणि मोरीत चाळीसचा पिवळा बल्ब. अभ्यास ट्यूबलाइटखाली करायचा आणि मोरीत पाय घसरू नये एवढ्यापुरता पिवळा. हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की फ्रीमाँटला टाउनहाउस घेतल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, "अमेरिकेत येऊन कंदिलात बसलोय आपण."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. वरच्या बेडरूमच्या छताला दिवाच नव्हता. भिंतीवरचं बटण दाबलं की कोपऱ्यातल्या प्लगला लावलेला उभा दिवा लागायचा, आणि त्यावर मातकट कापडाची टोपी. जिन्याच्या वर एक छोटी खोली होती, तिथे आम्ही मुलीचं टेबल ठेवलं आणि तिला स्टडी म्हणायला लागलो. दोन्हीकडे तोच पिवळा मिणमिणाट. मला त्यात काही वाटायचं नाही, त्याला मात्र दर संध्याकाळी वाटायचं.

दोन हजार आठमध्ये त्याचा कॉलेजचा एक मित्र एलईडीच्या एका नव्या कंपनीत मार्केटिंगला लागला. एका शनिवारी तो जेवायला आला तो खोकं घेऊनच. आत आठ एलईडी बल्ब, बुडाला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, हातात घेतले तर वजनदार. घरात वापरायचे एलईडी तेव्हा नवलाईचेच होते. सगळे कूल व्हाइट, म्हणजे निळसर पांढरे, साडेसहा हजार केल्व्हिन. नवऱ्याने एक लावून पाहिला आणि त्याचा चेहरा असा उजळला की आमच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता.

"बघ, ह्याला म्हणतात लाइट!" तो म्हणाला. जेवण गार झालं, पण आठही बल्ब लागले. स्टडीत, बेडरूममध्ये, मुलीच्या उशाशी, आमच्या उशाशी, देवापुढे.

मी म्हटलं, "स्टडीत ठीक आहे. झोपायच्या खोलीत हे नको. तिथे वॉर्म हवेत, पिवळसर."

मित्र हसला. "वहिनी, वॉर्ममध्ये लुमेन कमी मिळतात. ते जरा टेक्निकल आहे."

आता इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण तिथे कुणीच सांगितलं नाही. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. पुण्यात एका दिव्यांच्या कारखान्यात मी पाच वर्षं प्रकाशयोजनेचं काम केलं होतं. शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांत कुठे किती उजेड लागतो हे मोजायचं आणि दिवे कुठे, किती उंचीवर बसवायचे ते ठरवायचं, हे माझं काम होतं. मग नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला व्हिसा घेऊन मी इथे आले, आणि त्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत मला कुणी काही विचारलं असेल तर पोहे मऊ कसे राहतात एवढंच. म्हणून 'टेक्निकल' हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"भाऊजी," मी म्हटलं, "आत निळी चिप आहे आणि वर पिवळं फॉस्फर. वॉर्म करायला फॉस्फर वाढवावं लागतं, लाल घालावं लागतं, त्यात थोडा उजेड खर्ची पडतो. म्हणून तुमच्या ब्रोशरवर कूलचा आकडा मोठा दिसतो. ब्रोशर झोपत नाही, माझी मुलगी झोपते."

तो नुसता "वा, वहिनी!" म्हणाला. लहान मुलाने पाढा म्हटल्यावर म्हणतात ना, तसं. नवऱ्याने त्याला आणखी श्रीखंड वाढलं.

पुढचे पंधरा दिवस घर दवाखान्यासारखं झालं. देवापुढचं कुंकू तपकिरी दिसायला लागलं. त्या बल्बांच्या उजेडात लाल फारच कमी होता. कुंकवाचं एक वेळ मी सोसलं असतं. पण चौदा वर्षांची माझी मुलगी, जी पुस्तक हातातून गळेपर्यंत वाचून पाच मिनिटांत झोपायची, ती अंथरुणात टक्क जागी राहायला लागली. सकाळी शाळेला उठवताना मला तिच्याशी भांडावं लागायचं. संध्याकाळनंतर निळसर उजेड डोळ्यांवर पडत राहिला की शरीराला अजून दिवस आहे असं वाटतं आणि झोप पुढे सरकते, हे तेव्हाही वाचायला मिळत होतं. ती तर रोज दीड-दोन तास तो बल्ब उशाशी लावून वाचत होती.

"फोनमुळे होतं ते," नवरा म्हणाला.

"तिचा फोन खाली स्वयंपाकघरात असतो."

"मग टेस्टचं टेन्शन असेल. यार, पांढऱ्या लाइटने कुणाची झोप जाते का? आम्ही सगळे ट्यूबलाइटखाली झोपलो."

"ट्यूबलाइट बंद करून झोपलात. आणि ती छताला होती, नाकासमोर नाही."

मग मी हट्टाला पेटले. मित्राच्या इतक्यांदा मागे लागले की त्याने कंटाळून दोन वॉर्म बल्ब पाठवले, आणि सोबत एक फीडबॅक फॉर्म, कंपनीसाठी भरून द्यायला. मी सुटकेस उघडली आणि तळातून माझा उजेड मोजायचा लक्समीटर काढला. पुण्याहून निघताना नवऱ्याने तो पाहून विचारलं होतं, "हे कशाला? तिथे काय सूर्य मोजणार आहेस?" नवी बॅटरी घातली आणि आकडा हलला. तेव्हा मला किती आनंद झाला हे त्या घरात कुणालाच कळलं नसतं, म्हणून मी सांगितलं नाही.

एक वॉर्म मी मुलीच्या उशाशी लावला. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला जिंकायचं होतं. दुसरा मी स्टडीत तिच्या टेबलावर लावला आणि कूल बल्ब कपाटात टाकला. नवऱ्याला म्हटलं, "आता बघ."

चार दिवसांत तिची झोप बरीचशी रुळावर आली. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती स्टडीतून ओरडली, "आई, धिस इज टू डार्क! मला ग्राफ दिसत नाही."

"सवय होईल."

"यू साउंड लाइक बाबा."

मला चपराक बसल्यासारखं झालं. वर गेले तर ती माझा लक्समीटर वहीवर ठेवून बसली होती. कसा वापरायचा ते तिने मला बघून उचललं होतं. "टू थर्टी," ती म्हणाली. मग तिने कपाटातला कूल बल्ब काढला, दिवा गार होईपर्यंत थांबली, बल्ब बदलला आणि पुन्हा मोजलं. "थ्री सिक्स्टी. सेम हाइट. तूच म्हणालीस ना, वाचायला तीनशे लक्सच्या वर हवेत?"

म्हणाले होते मी. मीटर जुना होता, निळसर उजेडात थोडा इकडेतिकडे जायचा, पण इतका नाही.

मी वॉर्म परत लावायला सांगितला आणि दिव्याची मान खाली ओढली. पन्नास सेंटिमीटरवरून चाळीसवर. आकडा साडेतीनशेच्या पुढे गेला. "बघ, अंतर कमी केलं की उजेड वाढतो."

तिने पुस्तक आणि वही शेजारी शेजारी ठेवली. उजेडाचा गोल लहान झाला होता आणि अर्धं पुस्तक त्याच्या बाहेर गेलं. तिने त्या अंधारातल्या पानावर बोट ठेवलं.

पुण्यात एखाद्या शिकाऊ मुलाने असं केलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. स्वतःच्या पोरीसमोर मात्र मला दोन मिनिटं लागली. "बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "हा बल्ब इथला नाही."

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. स्टडीत कूल, दिवा पन्नासवर, हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून दिवा डाव्या बाजूला, कारण ती उजव्या हाताने लिहिते. जेवण झालं की स्टडीचा दिवा बंद, पुढचं वाचन बेडरूममध्ये वॉर्मखाली. तिने वहीच्या पानावर तक्ता केला: खोली, बल्ब, उंची, लक्स, वेळ. माझ्या नोकरीतल्या अहवालांपेक्षा तो नीट होता.

रविवारी मित्र फॉर्म न्यायला आला. आम्ही चौघं जेवायच्या टेबलाशी बसलो. वरचा भाग नवऱ्याने आधीच भरून ठेवला होता. त्याचं अक्षर फार सुरेख. बल्ब वापरून पाहणाऱ्याचं नाव: माझं. व्यवसाय: होममेकर. खाली प्रश्न होता, घरासाठी कोणता बल्ब योग्य? कूल आणि वॉर्म असे दोन चौकोन, आणि कंसात 'एकच खूण करा'.

मी दोन्ही चौकोनांवर खूण केली. कूलपुढे लिहिलं, अभ्यासाची खोली. वॉर्मपुढे लिहिलं, झोपायची खोली. तक्त्याचं पान मागे स्टेपल केलं.

"वहिनी, एकच टिक चालते," मित्र म्हणाला. "नाहीतर ते फॉर्म काउंट करत नाहीत."

"माझ्या घरात दोन खोल्या आहेत," मी म्हटलं. "नका करू काउंट."

तो तक्ता वाचायला लागला. सावकाश वाचला, दोनदा. मग त्याने विचारलं, "हे कोणी मोजलं?"

मुलगी म्हणाली, "वी डिड. शी इज ॲन इंजिनिअर. डिडन्ट यू नो?"

तो माझ्या नवऱ्याकडे बघायला लागला. नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला. मी फॉर्म परत ओढला, पेन उघडलं आणि होममेकरवर रेघ मारली.

"अगं, अगं," नवरा घाईने म्हणाला, "काय करतेस? डिपेंडंट व्हिसावर आहेस. इंजिनिअर लिहिलंस आणि उद्या कुणी विचारलं तर? उगाच प्रॉब्लेम होईल."

भीती खरी होती त्याची. आमच्यातल्या सगळ्यांनाच ती होती. लायब्ररीत फुकट शिकवायला जायचं तरी आम्ही बायका चारचारदा विचारून घ्यायचो. सहा वर्षं मीही त्या भीतीचं ऐकलं होतं, आणि त्या दुपारी मला तिचा वीट आला.

"मला काम करायची परवानगी नाही," मी म्हटलं. "मी कोण आहे ते लिहायला मी कुणाची परवानगी मागत नाहीये."

आणि रेघेवर दुसरी रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटला आणि पेनाचं टोक टेबलात रुतलं. बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं: प्रकाशयोजना अभियंता. इंग्रजीत, मोठ्या अक्षरात.

त्या फॉर्मचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. टेबल मात्र अजून आमच्याकडे आहे. समोरून पाहिलं तर त्यावर काही नाही. दिवा जरा तिरका केला की रेघ दिसते, कूलमध्ये दिसते आणि वॉर्ममध्येही.