गुरुवारपासून मोजलेले सहा दिवस

माझी मुलगी जन्मतः ऐकू शकत नव्हती. तिच्या तिसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं. कानामागे लावायचं एक छोटं यंत्र असतं, ते चालू असलं की तिला ऐकू येतं, काढलं की जग बंद. त्या यंत्रावर ती बोलायला शिकली, शाळेत जाऊ लागली. आणि पहिलीत असताना ते यंत्र बिघडलं.

दुरुस्ती बाहेरगावीच होते. यंत्र पाठवलं, दुरुस्त झालं आणि सेवा केंद्राने ते कुरिअरने परत पाठवलं. पावतीचा फोटो माझ्या मोबाईलवर आला. त्यावर पोचण्याचा वार छापलेला होता, बुधवार. बुधवारी मी तिला शाळेत पाठवलंच नाही. दार उघडं ठेवून बसलेले.

बुधवारी कोणी आलं नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी मोबाईलवर मेसेज आला, ‘दार बंद असल्याने पार्सल देता आले नाही.’

मी दारातच तांदूळ निवडत होते.

कस्टमर केअरला फोन केला. ‘चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मिळेल, मॅडम.’ शनिवारी पुन्हा तोच मेसेज, दार बंद. त्या दिवशी तर मी अंघोळीलाही नवरा घरी असतानाच गेलेले. नवरा म्हणाला, "अगं, येईल. थोडा धीर धर." पण त्याचाही हात दर दहा मिनिटांनी मोबाईलकडे जात होता.

मुलगी आधी खुणा करत होती. मग तिने बोलणंच कमी केलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की शब्द बोथट होतात, ते मला कळत होतं. ‘पाणी’चं ‘पाई’ झालं. रविवारी ती काहीतरी म्हणाली आणि मला समजलं नाही. तिने दोनदा म्हटलं, मग हात झटकून भिंतीकडे तोंड करून बसली. तीन वर्षं घासून घासून बसवलेले शब्द थोड्या दिवसांत निसटताहेत असं वाटलं.

सोमवारी सकाळी मी तक्रारीचं पत्र लिहायला बसले. आमच्या मोहन्यातल्या चाळीत शेजारी एक काका राहतात. इथल्याच रेयॉन कंपनीत त्यांनी माल रवाना करायच्या खात्यात नोकरी केलेली. त्यांना वाचून दाखवलं. ‘आठ-दहा दिवस उशीर झाला आहे’ इथेच त्यांनी थांबवलं.

"आठ-दहा म्हणजे किती? आठ की दहा?"

"काका, यंत्र जाऊन एवढे दिवस झाले…"

"दुरुस्तीचे दिवस त्यांच्या माथी मारू नकोस. एक आकडा चुकला ना, की ते तोच धरून बसतात आणि बाकीचं पत्र बाजूला राहतं. कबूल केलेला वार कोणता?"

"बुधवार."

"मग बुधवार त्यांचा. गुरुवारपासून मोज."

मी बोटांवर मोजलं. गुरुवार एक, शुक्रवार दोन, शनिवार तीन. रविवारपाशी अडखळले. "रविवार धरायचा का?"

"सुटी त्यांना असेल. पोरीला रविवारी ऐकायचं नसतं काय?"

रविवार चार, आज सोमवार, पाच. काकांनी प्रत्येक दिवसासमोर काय मेसेज आला आणि आपण कुठे होतो हे लिहायला लावलं. पावतीचा नंबर वर, मागणी खाली. दोन प्रती. "एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. शिक्क्याशिवाय उठायचं नाही."

आम्ही दोघं माझ्या उंबऱ्यात बसलेलो असतानाच मोबाईल वाजला. ‘दार बंद असल्याने पार्सल देता आले नाही.’ काकांनी माझ्या दाराकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. "वेळ टाक पत्रात," म्हणाले, "साडेदहा. आणि साक्षीदार म्हणून माझी सही घे."

मुलीला काकूंकडे ठेवून मी रिक्षाने कल्याण पूर्वेच्या कुरिअर ऑफिसात गेले. काउंटरवरच्या माणसाने नंबर टाकला.

"तीनदा येऊन गेले, ताई. आता पार्सल परत पाठवणाऱ्याकडे जाणार. आज संध्याकाळच्या गाडीने."

परत जाणार म्हणजे पुन्हा सगळा प्रवास. मी पत्र पुढे सरकवलं. त्याने ते न वाचता मॅनेजरकडे नेलं. मॅनेजर साधारण माझ्याच वयाचा. वाचता वाचता म्हणाला, "पाच दिवस नाही होत. शुक्रवारी आमचा पहिला प्रयत्न झालेला. आमच्या हिशेबाने दोनच दिवस."

"प्रयत्न झालाच नाही. आज साडेदहाला मी दारातच होते. शेजाऱ्यांची सही आहे बघा."

"सिस्टीम तसंच दाखवते."

"मग माझी तक्रार घेत नाही असं या प्रतीवर लिहून द्या. मी बसते."

मी बसले. तो पुन्हा पत्राकडे वळला आणि शेवटच्या ओळीपाशी थांबला. मी तिथे लिहिलेलं, ‘या पाच दिवसांत माझ्या मुलीने एकही आवाज ऐकलेला नाही.’

"ऐकलेला नाही म्हणजे? काय आहे पार्सलमध्ये?"

मी सांगितलं. त्याने परत जाण्याचा आदेश आधी थांबवला, मग दोन फोन केले. दुसऱ्या फोनवर त्याचा आवाज चढला. आमचं पार्सल विठ्ठलवाडीला वाटायच्या मालाच्या पिशवीत पडलेलं. तिकडच्या माणसाने मोहन्याचा पत्ता पाहिला, कुणाला काही न सांगता तीनदा ‘दार बंद’ टाकलं आणि पार्सल ऑफिसात आणून ठेवलं. आता ते परतीच्या मालाबरोबर भिवंडीच्या गोदामात गेलेलं, संध्याकाळची गाडी तिथूनच सुटणार होती.

"उद्या मिळेल," मॅनेजर म्हणाला.

"हे सगळं लिहून द्या."

त्याने शिक्क्याची पेटी पुढे ओढली. मग माझ्या प्रतीवर शिक्का मारला आणि खाली लिहिलं, ‘पार्सल चुकीच्या मार्गावर गेले होते. पत्त्यावर प्रयत्न झालेला नाही.’

मंगळवारी दुपारपर्यंत मला घास गेला नाही. उद्या म्हणजे कोणता उद्या, हेच मनात. सव्वातीनला एक माणूस खोका घेऊन आला. सही करताना मी पावतीवर वार आणि वेळ लिहिली. सहावा दिवस.

यंत्र लावलं तर मुलगी दचकून रडायलाच लागली आणि तिने ते ओढून काढलं. वाणी शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "इतक्या दिवसांनी आवाज अंगावर येतो. कमी करून लावा, शांत खोलीत." तसं केलं. अर्ध्या तासाने तिने कुकरच्या शिट्टीकडे मान वळवली. शब्द जागेवर यायला मात्र तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी रोज तिच्याकडून ‘पाणी’ म्हणवून घेत होते, कान टवकारून.

दरम्यान कुरिअर कंपनीचं उत्तर आलं, ‘दोन दिवसांच्या विलंबाबद्दल खेद.’ मी शिक्क्याच्या प्रतीची आणि मंगळवारच्या पावतीची झेरॉक्स जोडून दुसरं पत्र पाठवलं. त्यात एकच मागणी होती, आकडा दुरुस्त करा. नवरा म्हणाला, "यंत्र मिळालं ना? आता कशाला?" दोन म्हटलं की उरलेले चार दिवस मी दार लावून बसले होते असं ठरत होतं.

महिन्याभराने पत्र आलं. सहा दिवसांचा विलंब मान्य, दार बंद असल्याची नोंद चुकीची होती, ती काढली. मी ते उभ्यानेच मोठ्याने वाचलं.

मुलगी जमिनीवर चित्र रंगवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कोणाचं पत्र?"

"कुरिअरवाल्यांचं."

"काय म्हणतात?"

"चुकलं म्हणतात."

"बरं," ती म्हणाली आणि हिरवा खडू शोधायला लागली.