पुढे सरकलेला मणका आणि कांद्याचं क्रेट

मणका सरकला आहे हे कळण्याआधी वर्षभर मी त्याला वातच म्हणत होते. लासलगावच्या एका शेडमध्ये मी कांदा निवडते. बारकी गोल्टी वेगळी, जोड कांदा वेगळा, सडका वेगळा. बसल्यावर फारसं दुखत नसे. उठून एसटीच्या थांब्याकडे निघाले की कंबर धरायची आणि डाव्या ढुंगणापासून पोटरीपर्यंत कळ उतरायची. वाटेत तीनदा टेकायचे. ओणवं झालं की बरं वाटायचं. लोकांना वाटे, म्हातारीचं काही पडलं.

नाशिकच्या सरकारी दवाखान्यात उभं करून फोटो काढले, पुढे वाकवून, मागे वाकवून. डॉक्टरने बोट ठेवून दाखवलं. विटांच्या रांगेतली एक वीट जरा पुढे आलेली.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"आत्ता गरज नाही. घसरण थोडी आहे, पायात ताकद आहे. आधी व्यायाम. पण लघवी अडली किंवा नकळत झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी या."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे माझा नंबर आठ दिवसांनी होता. मला घाई होती. उन्हाळ कांदा सुरू होईपर्यंतच शेडची मुकादमीण माझी जागा ठेवणार होती. मला घरी बसून कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

शेजारणीची कमरेतली गादी सरकली होती, ती एका व्यायामाने बरी झाली होती. पालथं पडायचं, हातावर जोर देऊन छाती वर उचलायची. म्हणाली, "आक्का, दोन्ही एकच. सरकलं ते सरकलं." मलाही पटलं. तिने दहा वेळा करायला सांगितलं, मी वीस वेळा केलं. पाचव्या दिवशी मोरीपर्यंत भिंत धरून गेले.

व्यायामाच्या बाई वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग विचारलं, "आजी, हे कुणी सांगितलं?"

"शेजारणीने. तिचंही सरकलंय."

"तिची दोन मणक्यांमधली गादी सरकली. तुमचा मणकाच पुढे आलाय. मागे वाकलात की त्याच जागेवर भार येतो. तिचं औषध तुम्ही घेतलंत."

"दुप्पट घेतलं," मी म्हटलं. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

त्यांनी पाठीवर झोपवलं, गुडघे उभे. कंबर हलकेच जमिनीला टेकवायची आणि पोट आवळून धरायचं. मी दम रोखून लाल झाले. "श्वास चालू ठेवा. बोलता आलं पाहिजे." काय बोलू? चौथीपर्यंतची शाळा, मी बेचा पाढा म्हटला. बे दाहे वीस झालं की सोडायचं. ते जमल्यावर एक टाच पुढे सरकवून परत आणायची. महिन्याने हातागुडघ्यांवर ओणवं होऊन एक एक हात उचलायचा, पाठ न हलवता. पायात कळ उतरली की थांबायचं. मागे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेत पीळ द्यायचा नाही. कळ सुरू व्हायच्या आधी बसायचं, मग पुन्हा चालायचं.

"आणि कामावर कधी?"

"बसून निवडा, पण स्टुलावर, आणि अर्ध्या तासाने उठा. क्रेट उचलायचं नाही."

इथेच गाडी अडली. शेडमध्ये जी भरते तिनेच भरलेलं क्रेट ढिगापर्यंत न्यायचं, अशी रीत.

तीन महिन्यांनी मी स्टूल घेऊनच गेले. मुकादमीण म्हणाली, "ह्ये काय, कीर्तनाला आलीस का? क्रेट कोण उचलणार, तुझा मणका?"

मी शेजारी बसणारीकडे वळले. ती तरणी, हात दणकट, पण जोड कांदा तिच्या नजरेतून सुटायचा आणि मग माल परत यायचा. म्हटलं, "सावड कर माझ्याशी. तू माझं क्रेट उचल, मी तुझं क्रेट तपासून देते." शेतात बायका एकमेकींच्या कामाला जातात, तसंच.

ती म्हणाली, "मावशे, तुझं तोंडपण मलाच ऐकायला लागंल का?"

"ते फुकट."

मुकादमीण संध्याकाळपर्यंत बघत राहिली. त्या तरणीच्या क्रेटांतून मी चौदा जोड कांदे काढले. मी एकही क्रेट उचललं नाही. दोनदा हात सवयीने गेला, दोनदा ती ओरडली. जाताना मुकादमीण एवढंच म्हणाली, "स्टूल इथंच ऱ्हाऊ दे. रोज कुठं वागवतीस?"

मणका जागेवर गेलेला नाही, जाणारही नाही, हे बाईंनी आधीच सांगितलंय. त्या संध्याकाळी थांब्यापर्यंत मी एकदाच टेकले.