आधी लेकरू, मग पंचफुला

तर काल आपण त्या झोळीच्या घोटाळ्यापाशी थांबलो होतो. लिलाबाई निंदणावरून घरी पोचली, चूल पेटवली, पोराला पाजायला घेतलं अन् पाहते तर पोरगा तिचा नाहीच. रंगूबाईचा! तिकडे रंगूबाई लिलाबाईच्या लखीरामला पोटभर पाजून मोकळीही झाली होती. दोघी तणतणत पंचफुलाच्या दारात. पंचफुला भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दोघायचंही पोट भरलं नं? मंग बदलून घ्या अन् जा घरी." लखीराम आज रिठदहून ऑटो चालवतो, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी पारावरचे लोक त्याला 'दोन मायचा' म्हणूनच हाक मारतात.

पंचफुलाचं काम ते. तरणी असताना बैलानं पाय तुडवला, तेव्हापासून तिला उकिडवं बसून निंदता येईना. बायांनीच तोड काढली. म्हणाल्या, तू धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बस, आमची लेकरं पाहा, आमच्या रोजातून तुझा वाटा. मग धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याच्या झोळ्या बांधल्या जायच्या अन् पंचफुला एक हलवायची, दुसरं मांडीवर, तिसरं पाठीशी. मांडीवर घ्यायला तिनं कधी कोणाला विचारलं नाही. बौद्धवाड्यातलंच काय, पुढे पुढे गावातलंही लेकरू रडलं की तिच्याकडे यायचं. आज जी माणसं ट्रॅक्टर हाकतात, त्यातली निम्मी तिची मांडी ओली करून मोठी झाली आहेत.

अशा बाईच्या घरात पणतू आला. नातू प्रसेनजित मंगरूळपीरला नोकरीला, रविवारी येणार. त्याची बायको धम्मदीपा, तिला माय नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच. सासूही केव्हाच गेलेली. घरात पुरुष माणूस म्हणजे पंचफुलाचा लेक इंद्रभान, तो दिवसभर वावरात. म्हातारी खुशीत होती. जुन्या लुगड्याची झोळी तिनं बाळ यायच्या आधीच धुऊन ठेवली होती.

बाळ दवाखान्यातून घरी आलं अन् उपकेंद्राची शीला सिस्टर पाहायला आली. शीला पोहरादेवीकडची, अंगानं किरकोळ, पण चालायला लागली की लखीरामचा ऑटो मागं राहावा. ती आली की आधी ओसरीवर पंचफुलाजवळ टेकायची, अर्धा कप चहा घ्यायची, दोन गोष्टी ऐकायची, मग आत. त्या दिवशीही टेकली. पंचफुला झोळीचाच किस्सा सांगत होती अन् सांगता सांगता खोकत होती. शीलानं कप खाली ठेवला. खोकला कधीपासूनचा? म्हातारी म्हणाली, सोंगणीच्या धुरळ्यापासून. जेवण? जात नाही. शीलानं तिच्या दंडाला हात लावला. चोळीची बाही सैल लोंबत होती.

लखीरामच्याच ऑटोतून तिला तपासणीला नेलं. थुंकीत टीबी निघाला.

आता या शीलाची रीत सांगतो, कारण पुढलं सगळं तिच्यावरच आहे. सकाळी निघायच्या आधी ती कुठलं घर आधी अन् कुठलं मागून ते ठरवून निघते. जिथं कोवळं बाळ, बाळंतीण, ते आधी. जिथं लागट आजार, ते शेवटी. एकाच घरात दोन्ही असलं तर घरातही तसंच. नाहीतर खरजेसारखा एखादा आजार तिच्याच हातानं, तिच्याच पिशवीतून अंगणं ओलांडायचा. रीत चोख. पण आपल्याकडे घरात शिरलेला माणूस आधी म्हाताऱ्याला विचारतो. त्याचं काय?

रविवारी प्रसेनजित आला तेव्हा शीलानं सगळं घर अंगणात बसवलं अन् कामं वाटून दिली. आजीची खाट ओसरीवर, वारा राहील अशा बाजूनं. खोकताना तोंडावर दुहेरी पदर. थुंकायला झाकणाचा डबा, त्यात फिनेल. गोळ्या रोज सकाळी इंद्रभाननं समोर बसून द्यायच्या. घरच्या सगळ्यांची तपासणी प्रसेनजितनं करवून आणायची. बाळानं आईचं दूध खुशाल प्यावं. पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत आजीच्या मांडीवर नाही. तपासणीत बाळ चांगलं निघालं तरी त्याला रोज थोडं औषध लागणार. आजार झाला म्हणून नाही, होऊ नये म्हणून. सगळ्यांनी माना हलवल्या. बोलणं पंचफुलाच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं, अन् ज्या बाईनं गावभरची लेकरं सांभाळली तिला कोणी विचारलं नाही, की तुला यातलं काय जमेल.

पुढच्या खेपेला शीला आली ती तोंडाला मास्क लावून. पंचफुलानं सवयीनं खाटेवर बाजूला सरकून जागा केली होती. शीला म्हणाली, "आजी, येतोच तुह्याकडे," अन् आत गेली. दारातून म्हातारीला सगळं दिसत होतं. सिस्टरनं पेपर पसरला, त्यावर पिशवी ठेवली, साबणानं हात धुतले, बाळाला पाहिलं, वजन घेतलं, बेंबी पाहिली. मग धम्मदीपाला. मग पुन्हा हात. अन् सगळं आवरल्यावर, शेवटी, ओसरीवर.

पंचफुला सरकली होती तशीच बसून होती. 

हे एवढं तरी तिनं गिळलं असतं. पण इंद्रभान घाबरलेला माणूस. बायको गेली, आता माय अन् घरात तान्हं. सिस्टरनं सांगितलं त्याच्या वर त्यानं स्वतःच्या मनानं भर घातली. मायचं ताट वेगळं केलं. एक पितळी गिलास ओसरीच्या खिळ्याला अडकवला अन् पाणी द्यायचं झालं की तांब्या उंच धरून वरून ओतायला लागला, तांब्या गिलासाला लागू नये म्हणून. त्याच्या मनात काही नव्हतं. पण म्हातारीच्या डोळ्यांपुढे तिचं लहानपण आलं. पाटलाच्या विहिरीवर ओंजळ धरून उभी असलेली ती अन् वरून पडणारी धार. दीक्षा घेऊन आला त्या दिवशी तिच्या बापानं सांगितलं होतं, आता वरून पाणी प्यायचं नाही. त्यानंतर ती कोणाच्याही दारात ओंजळ धरून उभी राहिली नव्हती. आता स्वतःच्या ओसरीवर गिलास धरून बसली होती, अन् ओतणारा पोटचा पोरगा.

तेव्हापासून तिनं गोळ्या जिभेखाली धरायला सुरुवात केली. इंद्रभान हातावर गोळ्या ठेवायचा, पाणी ओतायचा अन् वावराची घाई म्हणून वळायचा. त्याची पाठ फिरली की गोळ्या अंगणातल्या चुलीच्या राखेत. आपण गेलो की ओसरी मोकळी होईल, बाळ अंगणात येईल, खिळ्याचा गिलासही निघेल, असा तिचा साधा हिशोब.

बाळाचं नाव ठेवलं त्या दिवशी सगळे विहारात गेले. ती घरीच. भोंग्यावरून वंदना ऐकू आली तेव्हा तिनं ओसरीवरच हात जोडले. मग नाव ऐकू आलं. उत्कर्ष. तिनं ते दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. झोळी उशाखाली होती.

नंतर एका खेपेला शीला बाळाला पाहून, हात धुऊन ओसरीवर आली. खोकला तसाच, अंग आणखी उतरलेलं. तिनं इकडचं तिकडचं विचारलं अन् मग सहज म्हणाली, "आजी, लघवी लाल-नारिंगी होते काय?"

पंचफुलाला वाटलं, एवढं तरी आपलं चांगलं सांगावं. म्हणाली, "नाही वं. पाण्यासारखी साफ हाये."

शीलाला उमगलं. त्या गोळ्या पोटात गेल्या की लघवीचा रंग बदलतोच. साफ असेल तर गोळ्या पोटात गेल्या नाहीत. तिनं राखेकडे पाहिलं नाही, म्हातारीला रागावली नाही. तिची नजर खिळ्यावरच्या गिलासावर गेली होती. तेवढ्यात इंद्रभान आला, तो गिलास मायच्या हाती दिला अन् तांब्या उंच धरला.

"हे कोनं सांगितलं?" शीलानं विचारलं.

इंद्रभान म्हणाला, लेकराच्या भल्यासाठी. शीलानं त्याला समजावलं, की हा आजार ताटावाटीनं, गिलासानं लागत नाही. खोकल्यातून, हवेतून लागतो. खाट लांब ठीक, पदर ठीक, गिलास कशाला? मग ती पंचफुलाकडे वळली अन् गोळ्या का गिळत नाही ते विचारलं. विहिरीची गोष्ट म्हातारीनं तेव्हा सांगितली. हळू आवाजात, वळचणीकडे पाहत. इंद्रभानला ती माहीत नव्हती. गावभर गोष्टी सांगणाऱ्या बाईनं ही एक पोटात ठेवली होती. तो पुढे झाला, मायच्या हातातला गिलास घेतला, तांब्यातून भरला अन् मायच्या समोर स्वतः तोंड लावून प्याला. मग तो गिलास आत, घरच्या भांड्यांत ठेवून आला. बाहेर आला तेव्हा त्याला खाली पाहूनच बसावं लागलं.

"कामायची वाटणी मी केली," शीला म्हणाली, "पण तुले इचारलं नाही. आता तू सांग, कसं करू?"

पंचफुलानं फार मागितलं नाही. बाळाला सकाळी औषध पाजताना ते किंचाळायचं, अन् तिला वाटायचं, माझ्यापायी. ती म्हणाली, त्याचं औषध अन् माझ्या गोळ्या एकाच वेळी करा. मग तसं ठरलं. सकाळी धम्मदीपा उघड्या अंगणाच्या पार पलीकडे, निंबाखाली बाळाला घेऊन बसायची. ओसरीवर इंद्रभान मायजवळ. बाळानं तोंड वाकडं करून औषध घेतलं की म्हातारी गोळ्या गिळायची अन् तोंड उघडून पलीकडे दाखवायची. धम्मदीपा हसायची. म्हणायची, "पाह्य रे उत्कर्ष, आजीनं गिळलं, रडली काय?"

पण बुडालेले दिवस बुडाले होते. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, उपचार लांबला. मधे पंचफुला इतकी खचली की लखीराम ऑटो घेऊन दारात नुसताच येऊन बसायचा, न जाणो. तिकडे बाळ थांबणार थोडंच? ते पालथं झालं, बसलं, रांगलं. सगळं निंबाखाली, अंगणाच्या पलीकडे. झोळीत मावायचं वय निघून गेलं अन् लुगड्याची झोळी उशाखालीच राहिली.

मग एक दिवस शीला आली ती हसतच. थुंकी साफ आली होती, डॉक्टरांनी मोकळीक दिली होती. तिनं सवयीनं आत पाऊल टाकलं अन् थांबली, वळली, अन् कितीतरी दिवसांनी आधी पंचफुलाच्या खाटेवर टेकली. धम्मदीपानं उत्कर्षला आणलं. म्हातारीचे हात आपोआप उचलले गेले.

पोरानं तिच्याकडे पाहिलं. खोल गेलेले डोळे, वाळलेली गालफडं. अंगणापलीकडून दिसायची ती ही आहे हे त्याला काय कळावं? ओठ वाकवले अन् मायच्या गळ्याला मिठी घालून असं रडलं की शेजारची कोंबडी उडाली. धम्मदीपा ओशाळली, पुन्हा पुढे करू लागली. पंचफुलाचे हात हळूहळू मांडीवर खाली आले.

 शेवटी शीलानंच विचारलं, आजी, आता पुढचं कसं करू, तुह्या मनात काय हाये? पंचफुलानं पदरानं तोंड पुसलं, आता पदर आडवा धरायची गरज नव्हती तरी धरला, अन् म्हणाली:

"जबरीनं नका ठेवू त्याले माह्या मांडीवर. लोकायची लेकरं मी न इचारता उचलली, याले इचारून घेईन. खाली सोडा, अंगनात, खेळू द्या. आला तर आला. अन् शीलाबाई, तू आली म्हंजे त्यालेच पह्यले पाह्यजो, मले मांगून. मी बसतो इथं."