‘बंद’ म्हणजे काय

सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात पॅकिंगची मशिनं बनत. मी सर्व्हिस विभागात होते. ग्राहकांच्या तक्रारी एका एक्सेल शीटमध्ये लिहिल्या जात: तारीख, ग्राहक, तक्रार, कोणाकडे, स्थिती, शेरा. देवनागरी टाइप करणं कुणाला जमत नसे, म्हणून सगळं रोमन लिपीत. मग ऑफिसच्या सर्व्हरवर तक्रारींचा ट्रॅकर बसवला आणि जुनं सगळं त्यात नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी शीटची नक्कल काढली आणि मूळ शीटला हात लावायचा नाही असं ठरवलं. कुठला कॉलम ट्रॅकरच्या कुठल्या रकान्यात जाणार, ते कागदावर लिहिलं. स्थितीचं मला सोपं वाटलं. ‘बंद’ म्हणजे काम संपलं, ‘चालू’ म्हणजे काम सुरू आहे.

चाचणीसाठी थोड्याच ओळी आधी आत घेतल्या. पहिली गडबड लगेच दिसली. सगळ्या तक्रारी आजच्या तारखेच्या आणि मीच नोंदवलेल्या दिसत होत्या. मूळ तारीख आणि शीटमधला ओळ क्रमांक यांसाठी मी वेगळे रकाने केले. शेऱ्यांचा मजकूर जसाच्या तसा तक्रारीखाली टाकायचं ठरवलं.

तेवढ्यात देवासच्या एका बिस्किटवाल्याचा फोन आला. त्याचं मशीन अजून ठप्प होतं. ट्रॅकरमध्ये त्याची तक्रार ‘पूर्ण’ दाखवत होती. शीटमध्ये स्थिती होती ‘बंद’, आणि नाव होतं आमच्या निवृत्त फोरमनचं.

त्यांना आम्ही काका म्हणायचो. कापड मिलमध्ये फिटर होते. मिलला टाळं लागल्यावर आमच्याकडे आले आणि काही महिन्यांपूर्वीच घरी बसले होते. संध्याकाळी प्रिंटआउट घेऊन मी मल्हारगंजला त्यांच्या घरी गेले.

त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली.

“बंद म्हणजे मशीन बंद, बेटा. मिलमध्ये लूम थांबला की बोर्डावर बंद लिहायचं. ठीक झाला की चालू.”

“म्हणजे तुमचं ‘चालू’ म्हणजे काम झालं?”

“और क्या! मशीन चाललं म्हणजे काम झालंच ना.”

बाकीच्यांचं ‘बंद’ आणि काकांचं ‘बंद’ अगदी उलटं होतं. तसाच हिशेब लावला असता, तर त्यांच्या अडलेल्या तक्रारी संपल्या असत्या आणि संपलेल्या पुन्हा उभ्या राहिल्या असत्या.

“आमच्या मिलचं सगळं रेकॉर्ड रद्दीत गेलं,” काका म्हणाले. “कोणत्या लूमला काय केलं, कुणाला माहीत नाही आता. तुम्ही तरी नीट ठेवा.”

दुसऱ्या दिवशी मी स्थिती आणि ‘कोणाकडे’ हे दोन्ही कॉलम एकत्र बघून नवी स्थिती ठरवणारा फॉर्म्युला लिहिला. जुना शब्द वेगळ्या रकान्यात तसाच ठेवला. जिथे शेऱ्यावरूनही उलगडा होईना, त्या ओळींना ‘तपासायचं’ अशी स्थिती दिली.

आता नावांचा प्रश्न आला. साहेब म्हणाले, “काकाजी तो गये. उनका सब नये इंजिनियर के नाम डाल दो.”

नवा इंजिनियर नाशिकहून आला होता. तो शेजारीच बसला होता.

“सर, जे काम मी केलंच नाही ते माझ्या नावावर कसं? उद्या ग्राहक मला विचारणार.”

साहेबांना ते पटायला जरा वेळ लागला. मी सांगितलं, की काकांचं खातं ट्रॅकरमध्ये ठेवून निष्क्रिय करता येतं. त्यांना लॉगिन मिळणार नाही, पण पूर्ण झालेल्या कामांवर त्यांचं नाव राहील. ज्या तक्रारी अजून अडल्यात त्या नव्या इंजिनियरकडे जातील, आणि ‘आधी कोणाकडे’ या रकान्यात काका असतील. जिथे शीटमध्ये दोन नावं होती, तिथे ट्रॅकर एकच घेत होता. दुसरं आम्ही शेऱ्यात लिहिलं.

“ठीक है, करो,” साहेब म्हणाले.

पक्कं भरायच्या आधी मी ट्रॅकरमधून आपोआप जाणारे ईमेल बंद केले, नाहीतर सगळ्यांचे इनबॉक्स जुन्या तक्रारींनी भरले असते. आत घेतल्यावर ओळींची संख्या जुळवली, मग मधूनमधून तक्रारी उघडून शीटशी ताडून पाहिल्या. जुनी शीट सगळ्यांना फक्त वाचण्यापुरती ठेवली.

देवासची तक्रार नव्या इंजिनियरनं स्वतः उघडली. काकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, की पाकीट दाबून चिकटवणारा सीलिंगचा जबडा आधी एकदा घासून बसवलाय, आता बदलावाच लागेल. त्यानं स्टोअरमधून नवा जबडा काढला, जायच्या आधी काकांना फोन केला आणि विचारलं, “काका, येता का बरोबर?”

काका इस्त्रीचा शर्ट घालून मल्हारगंजच्या कोपऱ्यावर उभे होते. दोघं कारखान्याच्या जीपनं गेले.