एक शून्य आणि सदुसष्ट माणसं

ऑफिसात तिला सगळे वेलांटीबाई म्हणायचे. कुणाचंही पत्र हातात पडलं की ती आधी वेलांट्या तपासायची, मग मजकूर. पॅकिंगवाले काका म्हणायचे, "बाई, तुम्ही देवाला गेलात तरी पाटीवरचं शुद्धलेखन बघून मगच हात जोडाल." ती हसायची आणि त्यांनी खोक्यावर लिहिलेलं 'नाजुक' नीट करून द्यायची.

कंपनी छोटीशी होती. तळमजल्यावर गोदाम, वर दोन खोल्या. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी कानाची यंत्रं विकायची, आता बहुतेक ऑनलाइनच. वेबसाइटवरचा मजकूर, ग्राहकांची पत्रं, किमती बदलणं, हे सगळं वेलांटीबाईकडे होतं.

ती एकोणपन्नास वर्षांची होती, लग्न केलेलं नव्हतं, भाऊ आणि वहिनीबरोबर राहायची. आधी एका छापखान्यात प्रुफं तपासायची. तिथे एका परीक्षेच्या अर्जावर तारीख चुकली. अर्ज छापून वाटलेही गेले होते. छापखान्याच्या मालकाने सगळ्या कामगारांसमोर तिला उभं केलं आणि तो अर्ज मोठ्याने वाचायला लावला. नंतर दोन वर्षं तिला काम मिळालं नाही. त्या दोन वर्षांबद्दल ती कधी बोलायची नाही. पण तेव्हापासून कुणी मागून हाक मारली, तरी ती दचकायची.

त्या मंगळवारी सकाळी ती जिना चढत होती, तेव्हा खालून काका ओरडले, "बाई, आज लॉटरी लागली! शहाऐंशी ऑर्डरी! दहाच्या गाडीने एकोणीस खोकी गेलीसुद्धा."

रोज चार-पाच ऑर्डरी यायच्या. शहाऐंशी?

तिने कॉम्प्युटर लावला. कानाच्या यंत्राची जोडी. किंमत २,४५० रुपये. ती बघतच राहिली. आदल्या संध्याकाळी साडेपाचला ही किंमत तिनेच भरली होती. साहेबांच्या कागदावर २४,५०० होतं. घरी निघायची घाई होती, आणि एक शून्य बोटाखालून निसटलं होतं.

सव्वाअकरा वाजता तिने किंमत दुरुस्त केली आणि तशीच बसून राहिली. उठून साहेबांकडे जावं, असं मनात येत होतं, पण पाय उचलेनात. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून त्यांचा आवाज आला. ते फोनवर होते.

"तुमची वेबसाइट काय झोपेत चालते का? एक शून्य खाल्लं तिने! मला संध्याकाळपर्यंत नोंद पाहिजे, किंमत कुठे बदलली आणि कशी. नाहीतर उद्यापासून तुमचं काम बंद."

पलीकडे वेबसाइटवाला होता, एकटाच काम करणारा माणूस, बायको नुकतीच बाळंत झालेली. साहेबांनी फोन ठेवला, बाहेर आले आणि तिच्या टेबलावर कागद टाकला.

"ही सूचना मी घाईत वेबसाइटवर टाकलीय. तुम्ही वेलांट्या बघा, जरा भाषा नीट करा आणि दोनपर्यंत सगळ्यांना पाठवा."

कागदावर होतं: 'तांत्रिक बिघाडामुळे चुकीची किंमत दिसली. सर्व ऑर्डर रद्द करण्यात येत आहेत. रक्कम परत हवी असल्यास खालील क्रमांकावर फोन करून खात्याचा तपशील द्यावा. कंपनी जबाबदार नाही.'

तिने पेन उचललं. 'तांत्रिक'मधली वेलांटी बरोबर होती. सगळ्याच वेलांट्या बरोबर होत्या.

तांत्रिक बिघाड. हे दोन शब्द तसेच राहिले असते तर तिचं नाव कुठेच आलं नसतं. खापर वेबसाइटवाल्यावर फुटलं असतं. पण नोंद संध्याकाळी येणार होती, आणि त्या नोंदीत किंमत कुणाच्या नावाने लॉग-इन करून बदलली, हे वेळेसकट असणार होतं. म्हणजे तिच्याकडे फार तर सहा तास होते.

मग तिने ग्राहकांचे ईमेल उघडले. पहिलाच होता:

'मी निवृत्त शिक्षक आहे. तुमच्या सूचनेखाली माझा नंबर लिहून पैसे परत मागितले होते. आत्ता तुमच्या माणसाचा फोन आला. मला ऐकू येत नाही म्हणून मी त्याला मेसेज करायला सांगितलं. तो म्हणतो, पैसे परत देण्यासाठी ओटीपी पाठवा. पाठवू का?'

कंपनीतून कुणीही फोन केला नव्हता. त्या पानावर लोक आपापले नंबर उघड्यावर टाकत होते, आणि कुठलातरी चोर ते वेचत बसला होता. तिने घाईघाईने लिहिलं, 'पाठवू नका. तो आमचा माणूस नाही. त्याला काहीही देऊ नका.' पाठवलं आणि पडद्याकडे बघत बसली. एक मिनिट, दोन मिनिटं. हा माणूस फोन उचलून ऐकू शकत नाही, म्हणजे ईमेल दिसेपर्यंत सगळं हातातून जाणार. चौथ्या मिनिटाला तिने आणखी एक ईमेल पाठवला, मोबाइलवर मेसेजही टाकला. सहाव्या मिनिटाला उत्तर आलं.

'नाही पाठवला. कळवलंत ते बरं केलंत. पण आता तुमच्यावरही विश्वास राहिला नाही.'

ती उठली. साहेबांच्या खोलीत कंपनीच्या वकीलबाई येऊन बसल्या होत्या.

"सर, ती सूचना आधी काढा," ती म्हणाली. "खालच्या नंबरांवर चोर फोन करायला लागलेत. आत्ता एका म्हाताऱ्याचे पैसे जाता जाता वाचले."

साहेबांनी लगेच पान बंद केलं. "बरं, काढली. भाषा झाली का?"

"आणखी एक. आपण कानाची यंत्रं विकतो, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना म्हणतोय, फोन करा."

वकीलबाईंना हसू आवरलं नाही. साहेबांना मात्र आलं नाही.

"आणि बिघाड नव्हता," ती म्हणाली. "किंमत मी भरली होती. शून्य माझ्या हातून राहिलं. वेबसाइटवाल्याची काही चूक नाही."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. ती वाट बघत होती, आता ते काकांना आणि सगळ्यांना वर बोलावतील आणि छापखान्यातल्यासारखं मोठ्याने वाचायला लावतील.

"अकरा वाजल्यापासून तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी त्या पोराला शिव्या घालतोय ते ऐकत बसलात?"

तिने मान खाली घातली.

वकीलबाई म्हणाल्या, "राग नंतर काढा. बिघाड लिहिलं असतं आणि उद्या कुणी ग्राहक मंचात नोंद मागितली असती, तर चूक आपलीच आणि वर खोटंही आपलंच, असं झालं असतं. 'कंपनी जबाबदार नाही' तर आधी खोडा. तुमच्या सिस्टिमने पैसे घेऊन 'ऑर्डर निश्चित झाली' असा मेसेज पाठवलाय. रद्द करायचा आपला हक्कच आहे, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून नीट बोला आणि जमेल तेवढं द्या."

तिघं दीड तास बसले. रवाना झालेल्या एकोणीस खोक्यांचं काय, यावर साहेबांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. शेवटी म्हणाले, "गेली ती गेली." पैसे चोवीस तासांत जमा होतील, असं त्यांना लिहायचं होतं. ती म्हणाली, "आपण उद्या पाठवू शकतो, पण बँक कधी जमा करेल ते आपल्या हातात नाही. जे आपल्या हातात आहे तेवढंच लिहू." त्यांनी मान हलवली, तिच्याकडे न बघता.

दोन वाजता सूचना गेली, प्रत्येकाच्या ईमेलवर आणि मोबाइलवर:

'सोमवारी संध्याकाळी साडेपाच ते मंगळवारी सकाळी सव्वाअकरापर्यंत आमच्या वेबसाइटवर यंत्राच्या जोडीची किंमत २,४५० रुपये दिसत होती. खरी किंमत २४,५०० रुपये आहे. किंमत भरताना आमच्या हातून एक शून्य राहिलं. चूक आमची आहे.

ज्यांचं यंत्र मंगळवारी सकाळी रवाना झालं, त्यांना ते २,४५० रुपयांतच मिळेल. आम्ही जास्त पैसे मागणार नाही, यंत्रही परत मागणार नाही.

ज्यांचं रवाना झालेलं नाही, त्यांची ऑर्डर आम्हाला पूर्ण करता येत नाही. याबद्दल माफी मागतो. तुम्ही भरलेली पूर्ण रक्कम, ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने, आम्ही बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत परत पाठवू. ती बँकेत दिसायला पाच ते सात कामाचे दिवस लागू शकतात. यंत्र हवंच असेल, तर पंधरा दिवस ते तुम्हाला आमच्या खरेदीच्या किमतीत, म्हणजे १७,००० रुपयांत मिळेल.

पैसे परत मिळण्यासाठी तुम्हाला काहीही करायचं नाही. आम्ही फोन करणार नाही. पिन, ओटीपी, खाते क्रमांक विचारणार नाही. विचारणारा आमचा माणूस नाही, हे नक्की समजा.

शंका असेल तर या ईमेलला उत्तर द्या, आम्ही लिहूनच उत्तर देऊ. आमचा निर्णय मान्य नसेल, तर तक्रार करण्याचा तुमचा हक्क आहेच.'

पाठवण्याचं बटण तिनेच दाबलं. त्याआधी २४,५००मधली शून्यं तिने बोट ठेवून सहा वेळा मोजली.

नंतर तिने वेबसाइटवाल्याला फोन करून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, सकाळपासून बायकोला काय सांगू, तेवढंच डोक्यात होतं माझ्या," आणि फोन ठेवला. ते वाक्य तिला साहेबांच्या रागापेक्षा जास्त लागलं.

घरी वहिनीला सांगितलं, तेव्हा वहिनीने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "काढलं का?"

"अजून नाही."

"मग जेव. उपाशीपोटी काढलं तर आणखी वाईट वाटतं."

ती जेवली, पण चव कळली नाही.

पुढचे आठ दिवस तिचा जीव टांगणीला होता. उत्तरं एकामागून एक येत होती. कुणी भामटे म्हणालं, कुणी आभार मानले. एका बाईने लिहिलं, 'हे कामावर जायचे बंद झालेत ऐकू येत नाही म्हणून. ती किंमत बघून आम्ही दोघं रडलो होतो.' हे पत्र तिने तीनदा वाचलं. शेवटी साहेबांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बाईला सहा हप्त्यांत पैसे द्यायची सवलत कळवायला सांगितली.

ज्यांचं यंत्र रवाना झालं नव्हतं अशा सदुसष्टांपैकी अकरा जणांनी खरेदीच्या किमतीत यंत्र घेतलं. तिघांनी ग्राहक मंचात तक्रार केली. वकीलबाईंनी उत्तरासोबत ती सूचना जोडली. दोघांनी पैसे मिळाल्यावर तक्रार मागे घेतली. तिसऱ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

साहेबांनी तिला काढलं नाही. किमती भरायचं काम मात्र काढून घेतलं. आता किंमत काका भरतात आणि दुसरा कुणीतरी कागदाशी ताडून बघितल्याशिवाय ती वेबसाइटवर चढत नाही. पगारवाढीच्या यादीत यंदा तिचं नाव नव्हतं. त्याबद्दल तिने विचारलं नाही.

त्या शिक्षकांनी यंत्र घेतलं नाही. परवा त्यांचा ईमेल आला: पैसे जमा झाले, धन्यवाद. तिसऱ्या तक्रारीच्या तारखेला साहेबांबरोबर तिलाही जायचं आहे, काय झालं ते सांगायला. वकीलबाई म्हणाल्या, "घाबरू नका, विचारतील तेवढंच सांगा." ती हो म्हणाली. कपाटातली बरी साडी तिने आताच बाजूला काढून ठेवली आहे, पण रात्री झोप धड लागत नाही.