तीन पुस्तकं आणि माझा दर

नोकरी सोडल्यानंतर मला मिळालेलं पहिलं मोठं काम तीन छोट्या पुस्तकांचं होतं. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी एका लेखिकेची मालिका निघणार होती. पहिलं पुस्तक सुरुवात कशी करावी यावर, दुसरं कमी-जास्त होणाऱ्या मिळकतीत घर कसं चालवावं यावर आणि तिसरं आपल्या कामाचा दर कसा ठरवावा यावर. मुखपृष्ठं आणि आतली सगळी मांडणी माझ्याकडे होती.

मी आधी एका छपाईच्या कारखान्यात डिझायनर होते. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, लोणच्या-मसाल्यांची वेष्टनं करायचे. मालकांनी डिझाईन बाहेरून करून घ्यायला सुरुवात केली आणि माझ्या टेबलावरचं काम आटत गेलं. कुणी जा म्हणायच्या आत मीच निघाले. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर. त्याचा पगार घराच्या हप्त्यात आणि किराणामालात संपतो. मुलीची शाळा, गॅस, औषधपाणी माझ्याकडे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोपऱ्यात संगणक मांडला तेव्हा नवरा म्हणाला, "होईल गं सगळं." तो तसं म्हणाला की मला जास्तच भीती वाटायची.

प्रकाशकांचं ऑफिस शहरातच, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. स्पर्धापरीक्षांच्या गाईडांवर त्यांचा धंदा चालायचा. माणूस मोठ्या आवाजाचा, पण आल्याबरोबर चहा मागवणारा. त्यांनी हस्तलिखितांच्या फाईली दाखवल्या आणि विचारलं, "तर ताई, तिन्हीचं मिळून किती घेणार?"

पानं किती, चित्रं किती, तक्ते किती, काहीच न विचारता मी आकडा सांगून टाकला. आधी मनात वेगळा होता, तोंडातून त्याच्याही खालचा बाहेर पडला. "जमवा की," ते लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की जिना उतरताना मला कळलं, मी फारच कमी सांगितलं.

पहिल्या पुस्तकाची मांडणी मी फारसं न वाचता केली. डिझायनर बऱ्याचदा मजकूर वाचत नाही, त्याचा आकार बघतो. दुसऱ्या पुस्तकात मात्र तक्ते होते आणि तक्ते वाचल्याशिवाय बसवता येत नाहीत.

त्यातल्या एका प्रकरणात लेखिकेनं लिहिलं होतं की येणारी सगळी रक्कम आधी एका वेगळ्या खात्यात जाऊ द्या. कर भरायला लागेल तेवढा भाग त्याच दिवशी बाजूला काढा. मग त्या खात्यातून स्वतःला दर महिन्याला ठरावीक पगार द्या, आणि तो पगार चांगल्या महिन्यावरून ठरवू नका, वाईट महिन्यावरून ठरवा. चांगल्या महिन्यातलं उरलेलं तिथेच राहू द्या, म्हणजे पुढचा कोरडा महिना निघेल. आणि एकाच गिऱ्हाइकावर घर चालत असेल, तर तुम्ही नोकरीतच आहात, फक्त रजा आणि बोनस गेला आहे असं समजा.

माझा हात माऊसवर थांबला. माझ्याकडे तेव्हा एकच गिऱ्हाईक होतं आणि त्याच्याच पुस्तकात मी हे वाचत होते.

तिसरं पुस्तक मग मी मांडणीच्या आधीच वाचून काढलं. दुपारी घरात कुणी नव्हतं. तिथे दर काढायची रीत होती: वर्षभराच्या घरखर्चात धंद्याचा खर्च मिळवायचा. त्यात सॉफ्टवेअरचं भाडं, वीज, यंत्राची दुरुस्ती, कर, आजारपणाचे दिवस. त्या बेरजेला तासांनी भागायचं. पण बसलेल्या सगळ्या तासांनी नाही. ज्या तासांचे खरोखर कुणीतरी पैसे देणार आहे, तेवढ्याच तासांनी. काम शोधणं, फोन, बिलं, उधारीची आठवण करून देणं यांत जाणारे तास कुणी विकत घेत नाही.

मी मोबाईलवर भागाकार केला. मग या कामाच्या आकड्याला आतापर्यंत गेलेल्या तासांनी भागून पाहिलं. कारखान्यात मला तासाला जेवढं पडायचं त्याच्या निम्मंही येत नव्हतं, आणि तिसऱ्या पुस्तकाची मांडणी अजून सुरूही झाली नव्हती. ही चूक एका कामापुरती नव्हती. याच दरानं मी वर्षभर राबले असते तरी मुलीची शाळा निघाली नसती.

त्यातच पहिल्या मुखपृष्ठाच्या दुरुस्त्या संपत नव्हत्या. मोबाईलवर प्रकाशकांचे निरोप येत राहायचे. "लाल थोडा आणखी लाल करा." "माझ्या भाच्याला अक्षरं आवडली न्हाईत." "आधीचंच बरं हुतं की वो." मी दर वेळी "हो सर" लिहायचे आणि पुन्हा बसायचे. दुरुस्त्या किती वेळा करून देणार हे कामाआधी लेखी ठरवा, असं त्याच पहिल्या पुस्तकात जाड अक्षरांत होतं. ती अक्षरं जाड मीच केली होती.

एका तक्त्याची शंका विचारायचं निमित्त करून मी लेखिकेला फोन केला. खरं तर मला वेगळंच विचारायचं होतं. त्या म्हणाल्या, "फोनवर नको, घरीच या." त्या कळंब्याला राहत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभर घरून भाषांतरं केलेल्या. औषधांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, बँकांचे अर्ज. सगळं मराठीत आणलेलं, पण नाव कशावरच नाही.

तक्त्याचं काम पाच मिनिटांत संपलं. मग मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहिलंय तसं मी काहीच केलं नाही. या कामातसुद्धा नाही. आगाऊ रक्कम घेतली नाही, लेखी काही नाही. आता बोलायची हिंमत होत नाही. तुमची भीती कशी गेली?"

त्यांनी तक्त्याचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मला वाटलं, मी मर्यादा सोडून बोलले.

"माझाही करार झालेला नाही," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"या तीन पुस्तकांचा. लिहून दिली, त्यांनी घेतली. मला किती मिळणार, कधी मिळणार, मी विचारलंच नाही. पुस्तक निघतंय यातच दडपून गेले." त्यांनी चहाचा कप उगाच फिरवला. "मी लिहिलंय त्यात खोटं काही नाही. माझे हात पोळलेत, त्यातून लिहिलंय. पण आकडा सांगायची वेळ आली की मी आजही घाबरते."

मला धीर यायला हवा होता, उलट जास्तच घाबरले. इतक्या वर्षांनीही हे जात नसेल, तर माझं काय?

पण त्या उठल्या आणि कागद घेऊन बसल्या. "एकट्यानं जाऊ नये, हे पुस्तकात घालायचं राहिलंय," म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून दोन पानं तयार केली. माझ्या पानावर काय झालं, काय उरलं, तिन्हींचा नव्यानं काढलेला दर, प्रत्येक मुखपृष्ठाला दोनदा दुरुस्ती धरलेली, त्यापुढे वेगळे पैसे. झालेल्या कामाची अर्धी रक्कम आता, आणि छपाईच्या फाईली बाकीची रक्कम मिळाल्यावर. त्यांच्या पानावर विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीवर ठरावीक टक्के आणि हिशेब वर्षातून दोनदा.

ऑफिसच्या जिन्यावर त्या मध्येच थांबल्या. "परत जाऊया का?" त्यांनी खरंच विचारलं. मला हो म्हणायचं होतं. पण मागून झेरॉक्सवाल्याचा माणूस कागदांचे गठ्ठे घेऊन वर येत होता आणि जिना अरुंद होता, म्हणून आम्ही चढलो.

प्रकाशकांनी दोन्ही पानं वाचली. चष्मा काढला, परत घातला.

"ह्ये बरं हाय की! माझंच पुस्तक माझ्यावर चालवायला लागलासा व्हय?"

आवाज इतका मोठा, की बाहेरच्या खोलीतली टंकलेखन करणारी मुलगी थांबली. लेखिकेनं तोंड उघडलं. त्या आता 'राहू द्या' म्हणणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी टेबलाखालून त्यांचा हात धरला. मला स्वतःलाच माफी मागून पळावंसं वाटत होतं. हे काम गेलं तर दुसरं नव्हतंच.

"सर," मी म्हणाले आणि आवाज चिरकला, "हे तुम्ही छापताय. वाचणारा आधी तुम्हालाच विचारेल, तुम्ही हे पाळता का."

मग त्यांनी पान टेबलावर सरळ केलं.

"बोललेला आकडा बोललेला. दोन पुस्तकांचं त्यात बदलणार न्हाई. तुम्हीच सांगितलासा, मी काय गळा धरला नव्हता."

ते खरं होतं.

"निम्मं आज घिऊन जावा. तिसऱ्याचा नवा दर बोलूया, दुरुस्त्या दोनदाच. आणि मॅडम, तुमचं टक्क्याचं लिहून देतो. पण आगाऊ काय मिळणार न्हाई. गाईडं खपल्याबिगर माझ्याकडंबी काय पाऊस पडत न्हाई." मग म्हणाले, "पुढच्या कामाला मात्र मी चार ठिकाणी दर विचारणार. आधीच सांगतो."

आणि तसंच झालं. त्यांची पुढची गाईडं दुसऱ्या कुणाकडे गेली, माझ्यापेक्षा स्वस्तात. तिन्ही पुस्तकं निघाल्यावर मला एक सबंध महिना काम नव्हतं. मी वेगळं खातं उघडलं होतं. त्यातून ठरल्याप्रमाणे स्वतःला छोटासा पगार दिला. खात्यात थोडंच उरलं, पण शाळेची फी वेळेवर गेली. मग कोडोलीच्या एका गूळवाल्यांचा फोन आला, त्यांना डब्याचं वेष्टन हवं होतं. नंतर उचगावच्या एका बेकरीचा. मोठी कामं नव्हती, पण दोन वेगळी दारं होती.

भीती गेलेली नाही. नवं काम आलं की आजही आधी तीच येते, मग आनंद. फरक इतकाच की दर सांगायच्या आधी मी कळंब्याला फोन करते. मॅडम प्रकाशकांच्या आवाजात बोलतात, "एवढं कशाला वो ताई, दोन बटनं दाबली की झालं!" आणि मी माझा आकडा मोठ्यानं म्हणते, कधी दोनदा, कधी पाचदा, आवाज सरळ येईपर्यंत.

परवा त्यांचा उलटा फोन आला. एका कंपनीनं मोठ्या पुस्तिकेच्या भाषांतराचा दर मागितला होता. "आज गिऱ्हाईक तू हो," त्या म्हणाल्या. मी घसा साफ केला, आवाज जाड केला आणि म्हणाले, "हां, बोला मॅडम, किती घेणार?"

पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली. मग त्यांनी आकडा सांगितला. फार हळू सांगितला, म्हणून मी परत विचारलं.