तिसरी तक्रार

लढाईच्या काळात मी सांगलीतल्या एका खानावळीची व्यवस्था बघत असे. गिऱ्हाइकांच्या शेऱ्यांची वही दर शनिवारी वाचायची आणि तक्रार, चेष्टा, स्तुती अशा तीन याद्या करून मालकांना द्यायच्या, हे माझं काम. स्वयंपाकीणबाईंविरुद्ध दोन तक्रारी झाल्या होत्या. तिसरी आली की त्यांना काढायचं, असं मालकांनी बजावलं होतं.

त्या शनिवारी वहीत शेरा होता, 'ही आमटी आघाडीवर पाठवा, बंदुका लागणार नाहीत.' मी बाईंना विचारलं.

"आवं, कुंडलच्या सुभेदारांनी लिवलं आसंल. तीन वाट्या मागून घेतल्या की त्यांनी!"

नोकरीसाठी बोलतायत, असं मला वाटलं. शेरा मी तक्रारीत घातला. सोमवारी बाई साताऱ्याला भावाकडे निघून गेल्या.

पुढच्या बाजाराला सुभेदार आले. पहिल्याच घासाला म्हणाले, "ही आमटी त्या बाईंची न्हाई."

मी शेरा दाखवला. ते हसले. "आवं, लय आवडलं की मी असंच लिवतो. न्हाई आवडलं तर लिवायला थांबतोय कशाला? मागची पानं बघा की!"

मी पानं उलटली. 'भाकरीतून पलीकडचा पेपर वाचता येतो.' 'ठेच्यानं मेलेला माणूस उठून बसेल.' खाली त्यांचीच सही. बाईंविरुद्धच्या त्या दोन तक्रारी याच होत्या. सह्या मी कधी वाचल्याच नव्हत्या.

तिन्ही शेरे मी स्तुतीच्या यादीत नेले. मालक म्हणाले, "आता नवी बाई ठेवलीय. राहू द्या."